पडद्यावरची शिल्लक

व्हिडिओ पाऊण मिनिटाचाही नसेल. काळ्या पडद्यावर एक लाल विमान डावीकडून वर चढू लागतं आणि मधोमध आकडा पळतो: दोन पट, नऊ पट, चाळीस पट. कोपऱ्यातल्या चौकटीत टोपीवाला एक तरुण हिंदीत ओरडतोय, ‘रुक भाई, रुक’. आकडा शंभराला टेकतो, तो बटण दाबतो आणि वीस रुपयांचे दोन हजार होतात. खाली एक कोड झळकतो. तो टाकून खातं उघडलं तर म्हणे पहिल्या भरण्यावर बोनस.

हा व्हिडिओ मला रानशेतच्या एका एकोणीस वर्षांच्या पोरानं दाखवला. डहाणू तालुक्यातल्या या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास हातात एकरकमी पैसा येण्याचे प्रसंग थोडे असतात. भात निघतं, वीटभट्टीवर जाणाऱ्यांना उचल मिळते, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले अधूनमधून घरी पैसे पाठवतात, उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत जाणाऱ्यांचा पगार खात्यात पडतो. फोन आता बहुतेक घरांत आहे, आणि फोनमध्येच पैसेही. या पोरानं वाडीत चिकू उतरवायच्या कामाचे पैसे त्या विमानात घातले होते. तो म्हणाला, “सर, यूट्यूबवाला खोटं बोलत असता तर विमान सगळ्यांना सारखं कसं दिसलं असतं? मी पण तेच विमान पाहत होतो. ते शंभरवर गेलंच होतं.”

त्याचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच या लेखाची सुरुवात तिथून करायला हवी. व्हिडिओ खोटा नाही असं धरून चालू. विमान खरं, शंभर पट खरं, दोन हजार खरे. तरीही त्या व्हिडिओवरून पोरानं काढलेला निष्कर्ष साफ चुकतो. ही चूक कुठे होते ते समजायला थोडं गणित लागतं, पण सातवीच्या पलीकडचं नाही.

‘एव्हिएटर’ नावाचा हा खेळ जॉर्जियातल्या स्प्राइब या कंपनीनं 2019 साली बाजारात आणला. प्रत्येक फेरीत विमान उडतं आणि कधीतरी अचानक निघून जातं. ते जाण्याआधी तुम्ही बटण दाबलंत, तर त्या क्षणी जितके पट झाले असतील तितके पैसे तुमचे. उशीर झाला तर लावलेले गेले. लावलेल्या शंभर रुपयांतले सरासरी 97 खेळणाऱ्यांकडे परत जातात, असं कंपनी सांगते. या 97 मधूनच सगळं निघतं. विमान दुप्पट होईपर्यंत टिकण्याची शक्यता 97 भागिले दोन, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस टक्के. दहा पट होण्याची 9.7 टक्के. शंभर पट होण्याची 0.97 टक्के, म्हणजे शंभर फेऱ्यांत साधारण एकदा. फेरी वीसेक सेकंदांत संपते असं धरलं, तर तासाला 180 फेऱ्या होतात.

आता टोपीवाला तरुण रात्रभर, आठ तास, बसून खेळला असं समजा. फेऱ्या झाल्या 1440. प्रत्येक फेरीत त्यानं वीस रुपये लावले आणि दर वेळी शंभर पट होण्याची वाट पाहिली. एकूण लावले 28,800 रुपये. विमान शंभरच्या वर गेलं साधारण चौदा वेळा. दर वेळी दोन हजार धरले तर हाती आले 28,000. म्हणजे रात्रभर जागून आठशे रुपयांचं नुकसान. पण त्याच रात्रीतून त्याच्याकडे वीस रुपयांचे दोन हजार झाल्याच्या चौदा अस्सल चित्रफिती जमल्या. त्या पुढचे दोन आठवडे रोज एक टाकता येतात. एकही फीत बनावट नाही. कापून टाकलेल्या चौदाशेहून जास्त फेऱ्या तेवढ्या कुणी पाहत नाही.

हे झालं व्हिडिओच्या आतलं गाळप. दुसरं गाळप खेळणाऱ्यांचं होतं, आणि ते जास्त निर्दय आहे. दहा हजार जणांनी एकाच दिवशी प्रत्येकी हजार रुपये घेऊन खेळायला सुरुवात केली आणि प्रत्येकानं सगळी रक्कम ‘दुप्पट’वर लावत जायचं ठरवलं, असं कल्पू. पहिल्या फेरीनंतर उरले 4850. दुसऱ्यानंतर 2350 च्या आसपास. पाचव्या फेरीनंतर 268, आठवीनंतर 31 आणि दहावीनंतर सात. या सात जणांकडे प्रत्येकी दहा लाख चोवीस हजार रुपये आहेत. त्यांच्यात हुशारी काडीची नव्हती, सगळ्यांनी तेच एक बटण दाबलं होतं. पण सातपैकी प्रत्येकाला आपण काहीतरी ओळखलं असं वाटणार. त्यातला एखादा चॅनेल काढणार, आणि त्याच्या चॅनेलवर हजाराचे दहा लाख झाल्याची खरीखुरी नोंद असणार. उरलेले 9993 चॅनेल काढत नाहीत. हजार रुपये गेल्याचा व्हिडिओ बघायला कोण येणार? दहा हजार जणांनी मिळून एक कोटी आणले होते. सात जणांकडे सुमारे 72 लाख गेले, बाकी 28 साइटकडे राहिले.

संख्याशास्त्रात याला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात. टिकलेल्यांनाच मोजायचं आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, असा हा दोष. सिसेरो या रोमन लेखकानं दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलेली डायागोरस नावाच्या नास्तिकाची गोष्ट याचंच उदाहरण आहे. देवळात त्याला वादळातून वाचलेल्या लोकांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेली चित्रं दाखवली गेली, आणि आता तरी देवांना मानतोस का, असं विचारलं गेलं. नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत, असं त्यानं उलट विचारलं. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

यूट्यूब आणि इन्स्टाग्राम यांत तिसरं गाळप घालतात. ज्या व्हिडिओवर लोक थांबतात तो आणखी लोकांपुढे ढकलला जातो, आणि लोक थांबतात ते शंभर पटीवर. म्हणजे आधी फेऱ्यांतून निवड, मग खेळाडूंतून निवड, मग व्हिडिओंतून निवड. तीन चाळण्यांतून जे खाली येतं ते रानशेतच्या पाड्यावर रात्री दहा वाजता एका फोनच्या पडद्यावर दिसतं, आणि पाहणाऱ्याला ते खेळाचं सरासरी रूप वाटतं.

पाहणाऱ्याच्या खिशात किती आहे, हा प्रश्न मात्र वेगळाच. पोरानं टोपीवाल्याची युक्ती जशीच्या तशी उचलली होती: वीस-वीस लावायचे, शंभर पटीची वाट पाहायची. त्याच्याकडे हजार रुपये होते, म्हणजे पन्नास फेऱ्या. पन्नास फेऱ्यांत एकदाही शंभर पट न दिसण्याची शक्यता सुमारे 61 टक्के आहे. त्याच्यासारखे शंभर जण बसले तर त्यांतले एकसष्ट एकदाही न जिंकता सतरा मिनिटांत रिकामे होतात. टोपीवाल्याच्या खात्यात लाखो असतात, त्यामुळे सलग दोनशे फेऱ्या कोरड्या गेल्या तरी तो पुढच्या फेरीला हजर असतो. खेळ एकच, विमान एकच, पण एकाला वाट पाहणं परवडतं आणि दुसऱ्याला नाही. पोराला दिसलेलं ते शंभराचं विमान त्याचे पैसे संपल्यावर उडालं होतं.

इथे मटक्याची आठवण काढायला हरकत नाही. कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये आणि रतन खत्री यांनी 1964 मध्ये सुरू केलेला तो धंदा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला होता. दहा आकड्यांतला एक लागणार आणि रुपयाला नऊ मिळणार, हा एकेरी आकड्याचा जुना भाव. म्हणजे शंभरातले दहा धंद्याचे. विमान शंभरातले तीनच ठेवतं, तेव्हा कागदावर ते मटक्यापेक्षा दयाळू दिसतं, आणि जाहिरात करणारे हे आवर्जून सांगतात. पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा यायचा, ओपन आणि क्लोज. दोन्हीला वीस-वीस लावणाऱ्याचं सरासरी नुकसान दिवसाला चार रुपये. विमान तासाला 180 वेळा उडतं. वीस-वीस लावत तासभर बसलं की 3600 रुपये लावून होतात आणि त्यांचे तीन टक्के, 108 रुपये, सरासरीनं जातात. तीन तासांत 324. रोजगार हमीच्या कामावर 2025-26 साठी महाराष्ट्रातली मजुरी होती दिवसाला 312 रुपये. ‘सत्त्याण्णव टक्के परत’ हे आपण भरलेल्या पैशांबद्दल नाही, प्रत्येक फेरीत लावलेल्या पैशांबद्दल आहे. तोच हजार पुन्हा पुन्हा लावला जातो आणि दर फेरीला तीन टक्के घासला जातो, हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही. शिवाय हे प्रामाणिक खेळाचं गणित झालं. टेलिग्रामवरून लिंक येणाऱ्या नकली साइटींवर 97 तरी पाळले जातात का, हे तपासणारं कुणी नाही.

इथवर आपण टोपीवाल्याचे पैसे त्याचेच आहेत असं धरलं. ते बहुतेकदा नसतात, आणि खरा घोळ तिथे आहे.

साइटवाले व्हिडिओ करणाऱ्याशी करार करतात तेव्हा त्याचे तीन-चार प्रकार असतात. एकात महिन्याचं ठरीव मानधन आणि खेळायला खात्यात भरून दिलेली शिल्लक. ही शिल्लक बँकेत काढता येत नाही, किंवा अटी घालून थोडीच काढता येते. दुसऱ्यात तो स्वतःचे पैसे भरतो, पण हरलेल्यातला काही भाग साइट मागाहून परत करते. तिसऱ्यात सरळ सरावाच्या खात्यातून खेळ दाखवला जातो, ज्यात आकडे रुपयांसारखे दिसतात पण रुपये नसतात. चौथा प्रकार मानधनावर न थांबता कमिशनवर जातो, त्याच्याकडे नंतर येऊ. दुसरा प्रकार सोडला, ज्यात नुकसानीचा एक भागच त्याचा असतो, तर पडद्यावरची शिल्लक हरल्यानं कुणाच्याच खिशातून काही जात नाही. साइटनं स्वतःच्या एका वहीतून दुसऱ्या वहीत आकडा लिहिला, आणि हरल्यावर तो परत पहिल्या वहीत आला.

अशी शिल्लक काय काय दाखवू शकते, हे ‘डबल-डबल’ या युक्तीवरून नीट कळतं. व्हिडिओंत ही सर्रास शिकवली जाते. दुप्पट होण्यावर शंभर लावायचे. हरलात तर दोनशे, पुन्हा हरलात तर चारशे, असं दुपटीनं वाढवत जायचं. कधीतरी जिंकणारच, आणि जिंकलं की आधीचं सगळं भरून निघून वर शंभर उरतात. मग परत शंभरापासून सुरुवात.

टोपीवाल्याच्या खात्यात पाच लाख दिसताहेत. एका खेळीला किती लावता येतात याची मर्यादा साइटगणिक वेगळी असते, ती आड येत नाही असं धरू. शंभर, दोनशे, चारशे असं करत तो सलग बारा वेळा हरेपर्यंत तग धरू शकतो. त्यात त्याचे 4,09,500 लागतात. एका फेरीत हरण्याची शक्यता 51.5 टक्के, म्हणून सलग बारा वेळा हरण्याची शक्यता सुमारे 2900 त एक. तासाभरात 180 फेऱ्या, त्यांत सुमारे 87 विजय, प्रत्येकी शंभर. तासाची कमाई साडेआठ हजारांच्या वर. आणि त्या तासात सगळं बुडण्याची शक्यता जेमतेम तीन टक्के. म्हणजे अशा शंभर तासांतले सत्त्याण्णव तास तो कॅमेऱ्यासमोर शांतपणे पैसे वाढवत बसलेला दिसणार. काहीही लपवायची गरज नाही, व्हिडिओ कापायचीसुद्धा नाही. उरलेल्या तीन तासांत एका फटक्यात चार लाख जातात आणि सत्त्याण्णव तासांची कमाई भरून निघेल त्याहून मोठा खड्डा पडतो, कारण तीन टक्क्यांचं गणित कुठेच गेलेलं नसतं. पण तो खड्डा साइटच्या पैशांत पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी खात्यात नवीन पाच लाख येतात.

पोराकडे हजार रुपये. शंभर, दोनशे, चारशे: सातशे संपले, पुढच्या आठशेला पैसे नाहीत. सलग तीन वेळा हरण्याची शक्यता सातात एक. एक-एक करत पाच वेळा शंभर जिंकून त्याचे दीड हजार होतील आणि चौथ्या पायरीला पैसे पुरतील, त्याआधीच निम्म्याहून जास्त पोरं बाद झालेली असतात. ज्याच्या व्हिडिओवरून ती युक्ती शिकली, त्याच्या हातात तीच युक्ती शंभर तासांतले सत्त्याण्णव तास चालत होती. युक्ती तीच होती, फरक फुकटच्या शिल्लकेचा होता. ही शिल्लक केवळ दिखाऊ नाही, ती हरण्याचं चित्रच पडद्यावरून पुसून टाकते. कापाकापीनं जे काम होतं तेच ती आधीच करून ठेवते.

हे सगळं तर्कानं काढलेलं आहे, असं कुणाला वाटेल. पण अशा व्यवहारांची नोंद सरकारी कागदपत्रांत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं सप्टेंबर 2017 मध्ये ट्रेव्हर मार्टिन आणि थॉमस कॅसल या दोन यूट्यूबरांविरुद्ध तक्रार मिटवली. काउंटर-स्ट्राइक या खेळातल्या बंदुकांच्या रंगीत आवरणांवर जुगार चालवणारी एक साइट होती. पाच मिनिटांत तेरा हजार डॉलर कसे जिंकावेत अशा मथळ्याचे व्हिडिओ हे लोक टाकत होते. साइट त्यांच्याच मालकीची होती, हे प्रेक्षकांना सांगितलेलं नव्हतं. इतर लोकप्रिय खेळाडूंना त्यांनी अडीच हजारांपासून पंचावन्न हजार डॉलरपर्यंत दिले होते, आणि साइटची बदनामी होईल असं काही बोलायचं नाही, ही अट घातली होती. ही अट वाचताना मी थबकलो. हरल्यावर चरफडणंसुद्धा त्यांना करारानं बंद होतं. त्याच सुमारास, 2016 मध्ये, अशाच दुसऱ्या एका साइटनं कबूल केलं की प्रायोजित खेळाडूला पुढच्या फेऱ्यांचे निकाल आधीच कळवले जात होते. म्हणजे व्हिडिओत दिसणारा त्याचा आनंद पाठ केलेला होता.

मोठ्या रकमांचा अंदाज यायचा असेल तर टायलर निकनॅम या अमेरिकी प्रक्षेपकाचं उदाहरण आहे. तो ‘ट्रेनरेक्स’ या नावानं ऑनलाइन कॅसिनोचे खेळ थेट दाखवायचा. सोळा महिन्यांच्या जुगार-प्रक्षेपणाचे आपल्याला 36 कोटी डॉलर मिळाले, असं त्यानं 2022 मध्ये स्वतःच सांगितलं. हा माणूस एखाद्या रात्री दहा लाख डॉलर हरला काय आणि जिंकला काय, त्याची कमाई त्या खेळातून होतच नव्हती. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरपासून ट्विच या संकेतस्थळानं अमेरिकेत किंवा पुरेसं ग्राहकसंरक्षण असलेल्या देशांत परवाना नसलेल्या स्लॉट, रूलेट आणि फाशांच्या साइटी दाखवायला बंदी केली. डिसेंबरात ‘किक’ नावाचं नवं प्रक्षेपण-स्थळ सुरू झालं. त्यामागे ‘स्टेक’ या जुगार-साइटचेच मालक होते. दुकानदारानंच दूरदर्शन केंद्र काढलं म्हणा.

आपल्याकडे शिल्लक हा केवळ आकडा असतो याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. जुलै 2023 मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियात एका घरावर छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड, सोनं, चांदी जप्त केली. नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात फसवल्याची तक्रार दिली होती. पोलिसांच्या माहितीनुसार तो सुरुवातीला जिंकत होता. एकूण पाच कोटी त्यानं जिंकले आणि 58 कोटी घालवले. खेळ चालवणाऱ्याकडूनच हाताळला जात होता, असा आरोप आहे. पाच कोटींच्या टप्प्यावर या गृहस्थांनी कॅमेरा लावला असता, तर महाराष्ट्रातला सगळ्यात मोठ्या विजयाचा व्हिडिओ त्यांच्या नावावर असता. खराही असता.

आता कमिशन. व्हिडिओखालचा कोड हा हिशोबाचा खुंटा आहे. तो टाकून ज्यानं खातं उघडलं तो साइटच्या नोंदीत त्या व्हिडिओवाल्याचा माणूस होतो. काही ठिकाणी प्रत्येक नव्या खात्यामागे ठरलेली रक्कम मिळते. काही ठिकाणी तो माणूस जे हरला त्यातला ठरलेला हिस्सा, तो खेळत राहील तितके दिवस. हा दुसरा प्रकार नीट बघावा. इथे व्हिडिओवाल्याचं उत्पन्न प्रेक्षकाच्या नुकसानीतून थेट मोजलं जातं. त्याच्या कोडवरून आलेली पोरं जिंकू लागली तर त्याचा महिना कोरडा जातो. ‘मी जिंकतो, तुम्हीही जिंका’ असं सांगणाऱ्या माणसाचा नफा त्या वाक्याच्या बरोबर उलट दिशेनं चालतो.

कायद्यानं हे सगळं बंद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 6 मार्च 2024 रोजी प्रसिद्ध व्यक्ती आणि इन्फ्लुएन्सरना सट्ट्याची जाहिरात न करण्याबद्दल बजावलं. यूट्यूबनं 19 मार्च 2025 पासून गूगलची मान्यता नसलेल्या जुगार-साइटींकडे प्रेक्षकांना वळवण्याविरुद्धचे नियम कडक केले. संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, तो बळी धरला आहे. त्यामुळे पोरांनी पोलिसांना घाबरून गप्प बसण्याचं कारण नाही. देशी कंपन्यांनी दुकानं गुंडाळली. परदेशातून चालणाऱ्या साइटी नाव आणि पत्ता बदलून नव्या लिंकवर येतात, आणि ती लिंक पोचवायला तोच टोपीवाला टेलिग्रामवर बसलेला असतो. कायद्यानंतर त्याची किंमत उलट वाढली, कारण उघड जाहिरातीची दारं बंद झाल्यावर गिऱ्हाईक आणणारा तोच उरला.

मग समोरचा व्हिडिओ कुठल्या पैशावर चाललाय ते कसं ओळखावं? काही खुणा पडद्यावरच असतात. शिल्लक पाच लाख, दहा लाख अशी गोल आकड्यावर सुरू होत असेल आणि ती कधी, कशी भरली हे दाखवत नसतील, तर ती भरून दिलेली असण्याची शक्यता मोठी. मधेच कट होऊन शिल्लक वाढलेली असेल तर तेच. पन्नास हजार गेल्यावर माणसाचा चेहरा हलत नसेल, किंवा उलट प्रमाणाबाहेर नाटकी हलत असेल, तर पैसा बहुधा त्याचा नाही. विमानाच्या खेळात आपण लावलेल्या सगळ्या खेळींची यादी पडद्यावरच उघडते. ती पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत कधीच सरकवून दाखवत नसतील, तर त्या यादीत दाखवण्यासारखं काही नाही. ‘फेरी पारदर्शक आहे, गणिती पडताळणी करता येते’ असं सांगितलं तर ते खरं असू शकतं, पण त्यानं एवढंच सिद्ध होतं की विमान आयत्या वेळी पाडलं गेलं नाही. पैसे कुणाचे, हे त्यातून कळत नाही.

सगळ्यात फसवा पुरावा म्हणजे पैसे काढल्याचा. बँकेचा मेसेज, साठ हजार जमा, वर तारीख. हा मेसेजही खरा असतो. पण साइटकडून आलेलं मानधन, कमिशन आणि जिंकलेली रक्कम हे तिन्ही बँकेच्या मेसेजात एकसारखेच दिसतात: अमुक रक्कम जमा. म्हणून जमेचा एक मेसेज पाहून काहीच ठरत नाही. त्याच खात्याचा तोच महिना पूर्ण लागतो, साइटकडे गेलेलं आणि साइटकडून आलेलं, दोन्ही बाजू एकाखाली एक. तेवढी एक गोष्ट मागून पाहावी. जमेचे मेसेज दाखवायला हे लोक नेहमी तयार असतात.

रानशेतच्या पोराबरोबर आम्ही त्याच्याच फोनमधला असा महिना काढून पाहिला. आलेल्या नोंदी त्याला न बघता सांगता येत होत्या, रक्कम आणि वारासकट. गेलेल्या नोंदींना बोटानं बराच वेळ वर सरकवावं लागलं, आणि मधेच तो म्हणाला, “हे सगळे मीच टाकलेत?” वीस, पन्नास, शंभर अशा त्या रकमा होत्या. प्रत्येक इतकी लहान की लक्षात ठेवावीशी वाटलीच नव्हती. नाक्यावर रिचार्ज आणि पैसे पाठवण्याचं दुकान चालवणारा गृहस्थ शेजारी उभा होता. रोख घेऊन पोरांच्या खात्यात पैसे टाकून देण्याचं काम त्याच्याकडे रोज असतं. तो म्हणाला, “टाकायला कोण कोण आलं ते मला आठवत नाही. काढायला दोघं आले होते, त्यांची नावं सांगतो. आख्ख्या गावाला माहीत आहेत ती.”